डीडब्ल्यू-चार कुठे आहे?

मेहबूबभाई तांबोळी फार कमी लिहितात. बोलायला बसले तर दोन कप चहा संपतात, पण वहीत एका विहिरीला एक ओळ, आणि त्या ओळीत चार-पाच अक्षरं, बस्स. त्यांचे वडील मंडईजवळ विड्याची पानं विकायचे. कुठल्या टोपलीत कुणाची पानं आहेत हे ते टोपलीवर खडूनं एक खूण करून ठेवायचे आणि ती खूण त्यांच्याखेरीज कुणालाच कळायची नाही. मेहबूबभाईंना याचा केवढा अभिमान. "रुपालीताई, आमच्या घराण्यात शाई वाया घालवत नाहीत," असं ते मला अठरा वर्षं ऐकवत आलेत. मी सदाशिव पेठेतली, मला काटकसरीचं कौतुक कुणी सांगू नये, पण मीसुद्धा मान डोलवायचे.

आमची पाणी तपासायची प्रयोगशाळा कोथरूडमध्ये आहे, एका क्लासच्या वरच्या मजल्यावर. खाली मुलं पाढे म्हणतात आणि वर आम्ही लोकांच्या पाण्यात काय विरघळलंय ते मोजतो. मेहबूबभाई बाटल्या आणि बर्फाची पेटी घेऊन वस्त्यावस्त्यांवर जातात, विहिरींचं, बोअरचं पाणी भरून आणतात. केमिस्ट तपासतात. मग त्या आकड्यांचा अहवाल मी लिहिते. चौपन्न वर्षांचे मेहबूबभाई, स्कूटर त्यांच्याहून थोडी लहान, आणि चाळीस-पंचेचाळीस विहिरी त्यांच्या ओळखीच्या. विहिरीच्या मालकापेक्षा विहिरीला जास्त ओळखतात, असं आम्ही त्यांना चिडवायचो.

विहिरींना आमच्याकडे नावं नसतात, संकेत असतात. खोदलेली विहीर म्हणजे डीडब्ल्यू, बोअर म्हणजे बीडब्ल्यू, ओढा म्हणजे एसडब्ल्यू. पुढे आकडा. हा आकडा कसा पडतो, हे अठरा वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. मेहबूबभाईंची रीत अशी, की फेरीत जी विहीर आधी लागेल ती एक, मग दोन, मग तीन. रस्ता ज्या बाजूने, आकडे त्या बाजूने. एकदम सोयीचं. प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाला सोयीचं.

खोपडेवस्ती शहरात येऊन काही वर्षं झाली. कर लागू झाला, फलक लागला, नळ मात्र अजून यायचाय. लोक विहिरीचं पितात. वस्तीला लागून एक मोठा गृहप्रकल्प उभा राहतोय, त्याला आसपासचं भूजल ठरावीक काळानं तपासून घ्यावं लागतं, ते काम आमच्याकडे. एप्रिलमध्ये उन्हाळी फेरी झाली. मेच्या अखेरीस माझा अहवाल गेला आणि जूनमध्ये त्याची प्रत वस्तीवरच्या फलकावर लागली. सहा पानं. तिसऱ्या पानावर तक्त्यात एक ओळ: डीडब्ल्यू-४, एनओ-३, ११८, पिण्यास अयोग्य.

एवढंच लिहून मी समाधानानं टेबल आवरलं होतं. एनओ-३ म्हणजे नायट्रेट. शेण, मैला, खतं यांतून ते झिरपत पाण्यात उतरतं. लिटरमागे पंचेचाळीस मिलिग्रॅमच्या वर नको. मोठ्या माणसाला लगेच काही होत नाही, पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला त्या पाण्यात दूध कालवून दिलं, तर त्याचं रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. बाळ निळं पडतं. आणि पाणी उकळलं तर नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यानं वाढतं. यातलं काहीही मी अहवालात लिहिलं नव्हतं. शेवटच्या पानावर संक्षेपांची यादी होती, तिच्यात एनओ-३ समोर 'नायट्रेट' आणि डीडब्ल्यूसमोर 'डग वेल' असं छापलं होतं. कुलपाच्या शेजारी दुसरं कुलूप ठेवून किल्ली दिली म्हणायचं, त्यातला प्रकार.

गेनबा खोपडे यांनी तो कागद पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला होता. साठीचे गृहस्थ, सातवीपर्यंत शिकलेले. त्यांच्या दोन विहिरी. एक गोठ्यामागे, कठड्याची, उथळ. दुसरी मळ्यात, खोल, पंप बसवलेली. त्या वेळी घरात मळ्यातलं पाणी प्यायचे. घरात दोन महिन्यांची नात, स्वराली. तिच्या आईला, तेजस्विनीला, बाळंतपणानंतर ताप धरला होता आणि दूध आटलं होतं, म्हणून बाळ डब्याच्या दुधावर. 'पिण्यास अयोग्य' हे शब्द गेनबांना कळले. डीडब्ल्यू-४ कळलं नाही. म्हणून अठ्ठावीस जूनला त्यांनी अहवालावरच्या नंबरला फोन केला.

तो फोन मी घेतला.

"आमची कोनची इहीर खराब हाय?" त्यांनी विचारलं. मी मान वर करून भिंतीकडे पाहिलं. तिथे मेहबूबभाईंनी पुढच्या, म्हणजे पावसाळी फेरीची यादी आणि नकाशा टाचून ठेवला होता. 'डीडब्ल्यू-४: गेनबा, मळा, पंप.' मी म्हटलं, "तुमची मळ्यातली, पंपवाली. ते पाणी पिऊ नका." त्यांनी मला तीनदा धन्यवाद दिले. मी फोनच्या नोंदवहीत एक ओळ लिहिली आणि चहा मागवला.

पुढे काय झालं ते सांगायला मला अजून जड जातं. त्या दिवसापासून ते घर गोठ्यामागचं पाणी प्यायला लागलं.

*

जुलैच्या मध्यात, एका गुरुवारी सकाळी पावणेदहाला मेहबूबभाईंचा फोन वाजला. ते बाटल्यांना चिठ्ठ्या लावत होते, म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"मेहबूबभाई, गेनबा बोलतोय. नातीला दवाखान्यात आनलंय. निळी पडलीया हो पोरगी. ऑक्सिजन लावला तरी रंग येत न्हाय."

मेहबूबभाईंच्या हातातली बाटली तशीच राहिली. गेनबांनी भराभरा सांगितलं. लहानसं इस्पितळ होतं. डॉक्टरबाईंना हृदयाचा दोष वाटत होता आणि मोठ्या इस्पितळात हलवायला रुग्णवाहिका सांगितली होती, दीड तासात येणार होती. डॉक्टरबाईंनी पाण्याचंही विचारलं होतं. गेनबांनी फलकावरून काढून आणलेला आमचा कागद त्यांना दाखवला होता. "म्या सांगितलं त्यास्नी, चार नंबरची खराब हाय, पर ती आमी कवाच सोडली. आता चांगल्या इहिरीचं पितो. मंग त्या म्हनल्या, पान्याचं न्हाय, काळजाचंच आसंल."

"चांगली म्हणजे कुठली, गेनबा?" मेहबूबभाईंनी विचारलं.

"गोठ्यामागची."

मेहबूबभाईंनी भिंतीवरच्या यादीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ही पावसाळ्याची यादी आहे," ते हळू म्हणाले. "उन्हाळ्यात मी नदीच्या बाजूनं आलो होतो. आता तो रस्ता खणलाय, म्हणून यादी पलीकडून धरली. आकडे सगळे बदललेत, ताई."

"मग एप्रिलची चार कुठली?"

"ते वहीत बघावं लागेल."

"आठवत नाही तुम्हाला? गोठ्याचीच असणार ना! शेण, गोठा, नायट्रेट, दुसरं काय असेल?"

"असेल. पण त्या दिवशी मी नऊ विहिरी केल्या, दोन वस्त्यांवर. डॉक्टरांनी विचारलं, खात्री आहे का, तर काय सांगू? माझ्या आठवणीवर पोरीला कुठलं औषध टोचू देऊ?"

मी संगणकावर एप्रिलचे फॉर्म उघडले. प्रत्येक विहिरीसमोर अक्षांश-रेखांशाचा रकाना असतो, तो कशासाठी असतो तर नेमका याचसाठी. डीडब्ल्यू-४ समोर लिहिलं होतं: 'मागीलप्रमाणे.' मागच्या फेरीचा फॉर्म उघडला. तिथेही 'मागीलप्रमाणे.' असं करत मी तीन वर्षं मागे गेले. आणि मागच्या प्रत्येक फेरीत डीडब्ल्यू-४ हीच विहीर होती, हे तरी कुणी सांगावं? मी किंचाळलेच असेन, कारण खालचे पाढे थांबले. एप्रिलच्या बाटल्या केव्हाच धुऊन झाल्या होत्या. वस्तीवर जाऊन पाणी पुन्हा तपासायचं तर जायलाच दीड तास. वही मात्र मंडईजवळ त्यांच्या घरी होती. मेहबूबभाईंनी गेनबांना सांगितलं, "बाळाला आता त्या पाण्याचं काहीही देऊ नका. डॉक्टरांना म्हणा, पाण्याचं अजून सोडू नका, अर्ध्या तासात सांगतो."

मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसले. कोथरूडहून मंडईपर्यंतचा तो रस्ता मी आयुष्यभर वापरलाय आणि कधीही त्याला एवढ्या शिव्या दिल्या नाहीत. प्रत्येक सिग्नल लाल. लक्ष्मी रोडला एक टेम्पो आडवा. मेहबूबभाई हॉर्न दाबून धरत होते आणि मी मागून लोकांवर ओरडत होते. पेठेतली बाई भर रस्त्यात ओरडते म्हणून लोक वळून बघत होते. बघू देत. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, की सतरा दिवस. सतरा दिवस मी सांगितलं म्हणून ते दूध त्या पाण्यात कालवत होते.

मेहबूबभाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. त्यांची पत्नी नसीमबानू तांदूळ निवडत होत्या. आमची तोंडं बघून त्या उठल्याच.

"एप्रिलची वही?"

"कुठली एप्रिलची? तुमच्या वह्यांवर तारीख असते का कधी?" असं म्हणतच त्यांनी पिठाचा रिकामा डबा काढला आणि जमिनीवर उपडा केला. वीस-पंचवीस छोट्या वह्या. काहींना कव्हर नाही, काही बर्फाच्या पाण्यानं फुगलेल्या. आम्ही तिघंही खाली बसून चाळायला लागलो. नसीमबानूंना काही सांगितलं नव्हतं, पण 'बाळ' एवढा शब्द त्यांनी ऐकला होता आणि त्यांचे हात आमच्याहून भरभर चालत होते. सव्वाअकरा. रुग्णवाहिका पोचली असेल का, हा विचार मी मनातून ढकलत होते.

वही सापडली. पान सापडलं. मेहबूबभाईंनी बोट ठेवलं: '४ ग.गो.मा. दो ७ च'. दोन ओळी खाली: '६ ग.म.पं.'

"सांगा," मी म्हटलं.

"गेनबा, गोठा, मागे. दोर सात हात. सहा म्हणजे गेनबा, मळा, पंप." आणि ते थांबले. त्यांचा चेहरा उतरला. "ताई, त्या दिवशी गणपतच्या गोठ्यामागेही गेलो होतो. पलीकडच्या वस्तीवर. त्याचंही ग.गो.मा.च होतं."

ज्या माणसानं लिहिलं त्यालाच वाचता येईना. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला, की वही त्यांच्या तोंडावर फेकावीशी वाटली. त्यांच्या वडिलांच्या खडूचा, वाचवलेल्या शाईचा, आणि अठरा वर्षं मान डोलावणाऱ्या माझा. त्यांनी वही डोळ्यांजवळ धरली होती. "या अल्ला," ते पुटपुटले, "एक शब्द पुरा लिहिला असता तर काय झालं असतं."

नसीमबानूंनी वाकून पाहिलं. "हे च काय आहे शेवटी?"

मेहबूबभाईंनी डोळे मिटले आणि उघडले. "चहा," ते म्हणाले. "चहा! घेतला की लिहून ठेवतो. साखर आहे मला, डॉक्टरांनी मोजायला सांगितलंय. गणपत मला पाणी विचारत नाही, चहा कुठला. चहा फक्त सरुबाई देतात." सरुबाई म्हणजे गेनबांची बायको. मेहबूबभाईंनी लगेच गेनबांना फोन लावला. "गेनबा, गोठ्यामागच्या विहिरीला पाणी किती खाली असतं उन्हाळ्यात? दोरानं सांगा."

"सात-आठ हात. का वो?"

मी गेनबांकडून डॉक्टरबाईंचा नंबर घेतला आणि संदेश लिहिला. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे, मी पुसलेला नाही. 'तातडीची दुरुस्ती: डीडब्ल्यू-४ (उन्हाळी) = डीडब्ल्यू-२ (पावसाळी). एनओ-३ ११८. कृपया नोंद घ्यावी.' एवढं सगळं घडून गेल्यावर, मांडीवर ती वही ठेवून, मी हे लिहिलं. उत्तर आलं: 'मला काहीच कळलं नाही. रुग्णवाहिका दारात आहे. मराठीत सांगा.'

मेहबूबभाईंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि डॉक्टरबाईंना थेट फोन लावला. उभं राहून, एकेक शब्द तोडून ते बोलले. "डॉक्टरसाहेब, मी पाणी भरून आणणारा माणूस. हे बाळ गेले सतरा दिवस गोठ्यामागच्या विहिरीच्या पाण्यात कालवलेलं दूध पितंय. त्या पाण्यात नायट्रेट एकशे अठरा आहे, मर्यादा पंचेचाळीस. आमच्या कागदात जी विहीर खराब म्हटलीय, ती हीच. आम्ही त्यांना चुकून दुसरी सांगितली. मी स्वतः वही बघून सांगतोय."

डॉक्टरबाईंनी विचारलं, "रक्त काढलं तेव्हा तपकिरी दिसत होतं, चॉकलेटसारखं. मला वाटलं, प्राणवायू कमी म्हणून. तुमची खात्री आहे?"

"वही बघून सांगतोय," ते पुन्हा म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला नाही, नुसता बाजूला टाकला. आम्हाला त्यांचा आवाज ऐकू येत होता, कुणाला तरी कुठलंसं इंजेक्शन आणायला सांगणारा, रक्ताचा नमुना बाहेर पाठवायला सांगणारा. मग फोन बंद झाला. नसीमबानूंनी तांदळाचं ताट बाजूला सरकवलं आणि आम्ही तिघं त्या वह्यांच्या पसाऱ्यात बसून राहिलो. तो तास-दीड तास मी कसा काढला, ते मला सांगता येणार नाही. सदाशिव पेठेत माणसं रडत नाहीत असं म्हणतात. मी नसीमबानूंच्या पदराला तोंड पुसत रडले.

एक वाजता गेनबांचा फोन आला. निळ्या रंगाचं औषध टोचलं होतं. पोरीच्या ओठांवर रंग आला होता. ती रडायला लागली होती.

*

आम्ही इस्पितळात गेलो. बाळ काचेच्या पेटीत होतं, मुठी आवळून झोपलेलं. बाकावर गेनबा आणि सरुबाई. गेनबांनी एकच विचारलं, "फोनवर आमास्नी मळ्याची इहीर कुनी सांगितली?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण शब्द फुटायच्या आत मेहबूबभाई म्हणाले, "माझीच यादी, गेनबा. आकडे मी फिरवले. चूक माझी." यात खोटं काहीच नव्हतं आणि पूर्ण खरंही नव्हतं. मी तोंड मिटलं. मला नोकरीचं, अब्रूचं, कशाचं भय वाटलं ते माहीत नाही. सरुबाईंनी मेहबूबभाईंकडे नुसतं पाहिलं आणि मान फिरवली.

त्यानंतर पावसाळी फेरीला मेहबूबभाई वस्तीवर गेले तेव्हा त्यांना पाणी भरू दिलं, पण ओट्यावर कुणी बोलावलं नाही. त्यांच्या वहीत त्या दिवशी 'च' नव्हता. आता ते पूर्ण शब्द लिहितात, त्यामुळे ते आणखी स्पष्ट दिसत होतं: 'गेनबा खोपडे, गोठ्यामागे, कठडा आहे, दोर पाच हात. चहा नाही.'

अहवालाची दुरुस्ती मी लिहिली. एप्रिलचा मूळ कागद आम्ही बदलला नाही, तो जसा होता तसाच राहायला हवा, म्हणून त्याला पुरवणी जोडली. प्रत्येक विहिरीला कायमचा क्रमांक दिला, रस्ता कुठूनही आला तरी न बदलणारा. जुन्या प्रत्येक फेरीतला तिचा आकडा तारखेसह शेजारी लिहिला, म्हणजे जुना कागद हातात असलेल्यालाही विहीर सापडेल. आणि क्रमांकाच्या आधी वस्तीवरचा माणूस जे म्हणेल ते लिहिलं: गेनबा खोपडे यांच्या गोठ्यामागची विहीर. नायट्रेट म्हणजे काय ते त्याच जागी सांगितलं, शेवटच्या पानावर नाही. 'या विहिरीचं पाणी लहान बाळाला कोणत्याही रूपात देऊ नका. उकळल्यानं हा दोष जात नाही. मळ्यातल्या पंपाच्या विहिरीत एप्रिलमध्ये हे प्रमाण मर्यादेत होतं.' एका तक्त्यात 'बीडीएल' होतं. त्याचा अर्थ शून्य नव्हे, तर आमच्या यंत्राला मोजता येईल त्याहून कमी, हेही लिहिलं. फोनच्या नोंदवहीतली ओळ मात्र जशीच्या तशी उतरवली, कारण नोंद बदलता येत नाही.

मेहबूबभाईंनी हट्ट धरला, की पाठवण्याआधी हे सरुबाईंना वाचून दाखवायचं. "त्यांना लिहिता-वाचता येत नाही. त्या जिथे अडतील, तिथे आपण अजून लपवलंय असं समजायचं," ते म्हणाले. मी म्हटलं, त्या तुम्हाला ओट्यावर घेणार नाहीत. "मग अंगणात उभा राहून वाचीन," ते म्हणाले.

ऑगस्टमधल्या एका सकाळी आम्ही गेलो. सरुबाई पायरीवर बसल्या होत्या, स्वराली मांडीवर, गुलाबी, लाळ गाळत असलेली. गेनबा खाटेवर. मेहबूबभाई अंगणात उभे, मी त्यांच्या शेजारी. मी वाचायला लागले. दोनदा सरुबाई अडल्या. "मिलिग्रॅम म्हंजी?" "मर्यादा कुनी घातली?" मी सांगितलं, मेहबूबभाईंनी कागदाच्या कडेला लिहून घेतलं. गोठ्यामागच्या विहिरीचं वाक्य वाचून झालं तेव्हा त्या म्हणाल्या, "येवढंच व्हतं? हे तर तवाच लिवता आलं आसतं." मी पुढचं वाचलं.

"फोन नोंदवही, अठ्ठावीस जून. खोपडेवस्ती, डीडब्ल्यू-४ विचारणा. मळा, पंप असं कळवलं. रु. खां."

"ते रुखां काय?" सरुबाईंनी विचारलं.

"ऑफिसचं असतं काहीतरी," मेहबूबभाई पटकन म्हणाले. "पुढे वाचा, ताई."

सगळा अहवाल मी उलगडला होता. डीडब्ल्यू उलगडलं, एनओ-३ उलगडलं, बीडीएल उलगडलं. एकतीस संक्षेप. बत्तिसावा माझाच राहिला होता, आणि तो राहून गेला नव्हता, मी ठेवला होता. मेहबूबभाई माझ्याकडे न बघता कागदाच्या कडेकडे बघत होते. पेन तयार होतं.

"रुपाली खांबेटे," मी म्हणाले. "म्हणजे मी. तुमचा फोन मी घेतला होता. वही न बघता, भिंतीवरची यादी बघून मीच तुम्हाला ते पाणी प्यायला लावलं. मेहबूबभाई त्या वेळी ऑफिसात नव्हतेसुद्धा."

गेनबा खाटेवर उठून बसले. सरुबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग स्वरालीला खाटेवर गेनबांच्या हाती दिलं आणि आत गेल्या. आतून स्टोव्हचा आवाज आला. आम्ही तसेच उभे होतो. बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या, हातात एकच कप.

"वर या, मेहबूबभाऊ," त्या म्हणाल्या. "बिनसाखरेचा हाय."

मेहबूबभाई ओट्यावर चढले. त्यांनी कप घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि प्यायले. मी अंगणातच उभी राहिले. माझ्यापुढे कुणी कप ठेवला नाही, आणि मी कागदाची घडी घालत तो चहा संपायची वाट बघत राहिले.